पथ्य मोडलंच आहे, तर...

दिवसभर मोजूनमापून खाणारा माणूस रात्री स्वयंपाकघरात उभ्या उभ्या बिस्किटांचा अख्खा पुडा संपवतो. बघणारे म्हणतात, ‘मनावर ताबाच नाही.’ तो स्वतःही तेच म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी नियम आणखी कडक करतो. हा समज मला फार खटकतो. असा पुडा संपवणाऱ्यांपैकी कित्येक जण दिवसभर स्वतःवर इतरांपेक्षा जास्तच ताबा ठेवत असतात आणि रात्रीचं खाणं बऱ्याचदा त्या ताब्यातूनच जन्माला आलेलं असतं. ते कसं, हे दाखवणारा एक जुना प्रयोग मला अतिशय आवडतो. तो जरा सविस्तर सांगतो.

१९७५ साली पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत काही विद्यार्थिनींना चवीच्या चाचणीसाठी बोलावलं. काहींना सुरुवातीला काहीच दिलं नाही, काहींना एक मिल्कशेक प्यायला दिला, काहींना दोन. मग प्रत्येकीसमोर तीन स्वादांचं भरपूर आइस्क्रीम ठेवलं. चव घेऊन मत नोंदवा, हवं तेवढं खा, असं सांगून तिला एकटं सोडलं. खरं तर संशोधकांना त्या मतांशी काही देणंघेणं नव्हतं. आइस्क्रीम किती संपलं, एवढंच त्यांना वजन करून पाहायचं होतं. शेवटी एक प्रश्नावली भरून घेतली. कोण एरवी खाण्यावर सतत लक्ष ठेवतं आणि कोण भूक लागेल तसं खातं, हे तिच्यातून कळणार होतं.

भूक लागेल तसं खाणाऱ्या मुलींनी अपेक्षेप्रमाणेच केलं. मिल्कशेक प्यायल्यावर त्यांनी आइस्क्रीम कमी खाल्लं, कारण पोट भरलेलं होतं. सतत पथ्यावर असणाऱ्या मुलींचं मात्र उलट झालं. मिल्कशेक न मिळालेल्या मुलींनी हात आखडता घेतला आणि मिल्कशेक प्यायलेल्यांनी आइस्क्रीम जास्त खाल्लं! आधी पोटात जेवढं गेलं, तेवढं नंतर कमी खाल्लं जावं, हा साधा हिशेब इथे पार कोलमडला.

हर्मन आणि त्यांच्या सहकारी जॅनेट पोलिव्ही यांनी याचा जो अर्थ लावला तो असा. पथ्यावर असलेल्या माणसाचं खाणं पोटाकडून येणाऱ्या संदेशांवर चालत नाही, ते डोक्यातल्या एका रेषेवर चालतं. रेषेच्या अलीकडे राहिलं की आजचा दिवस ‘पाळला’, पलीकडे गेलं की ‘मोडला’. मोडलेला दिवस आणखी मोडू शकत नाही. त्यामुळे एकदा रेषा ओलांडली की आवरतं घेण्याचं कारणच उरत नाही. मोडलंच आहे तर आज होऊन जाऊ दे, उद्यापासून पुन्हा सुरू. त्यात पोट भरल्याचा संदेश ऐकायची सवयही इतक्या दिवसांत मोडलेली असते, म्हणजे थांबवणारं दुसरंही काही नसतं.

पुढच्याच वर्षी पोलिव्हींनी आणखी एक प्रयोग केला. पुडिंग खायला देऊन काहींना सांगितलं की यात भरपूर कॅलरी आहेत आणि काहींना सांगितलं की अगदी कमी आहेत. पथ्य पाळणाऱ्यांचं पुढचं खाणं पुडिंगमध्ये खरोखर काय होतं यापेक्षा त्यांना काय वाटलं यावर ठरलं. आपण ‘जड’ काहीतरी खाल्लं असं ज्यांना वाटलं, ते नंतर जास्त जेवले. म्हणजे कळ फिरवणारी गोष्ट साखर नव्हती, पथ्य मोडल्याची समजूत होती.

आता पदार्थांची ‘चांगले’ आणि ‘वाईट’ अशी विभागणी केली की काय होतं पाहा. ‘दिवसाला इतकंच’ या नियमात थोडी जागा असते. ‘हा पदार्थ वाईट’ या नियमात जागाच नसते, तिथे रेषा शून्यावर येते. एका घासानेही ती ओलांडली जाते. बिस्किटाच्या पन्नासेक कॅलरींनी शरीराचं काही बिघडत नाही, पण नियमाच्या दृष्टीने एक बिस्किट आणि एक पुडा दोन्ही सारखेच. पोषणशास्त्रात प्रश्न प्रमाणाचा आणि एकूण आहाराचा असतो. एखाद्या पदार्थाला ‘विष’ म्हणणारे आणि मग ते विष धुवून काढायला ‘डिटॉक्स’ रस विकणारे लोक हा प्रश्नच पुसून टाकतात. शरीरातली टाकाऊ द्रव्यं काढायचं काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात, कुठल्याही बाटलीतल्या रसाने ते जास्त चांगलं होत नाही.

इथवर गोष्ट मनाची झाली. खाणं खरोखरच कमी झालं असेल तर तिच्यात शरीरही उतरतं. याचा सर्वात प्रसिद्ध पुरावा मिनेसोटा विद्यापीठातला आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीने, २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. आधी रोज सुमारे ३,२०० कॅलरी मिळत होत्या, त्या जवळपास निम्म्यावर आणल्या. त्यांचं वजन साधारण चौथ्या हिश्शाने घटलं. पण मला जास्त लक्षणीय वाटतं ते त्यांच्या डोक्यात जे झालं ते. हे तरुण पाककृतींची पुस्तकं जमवू लागले, एकेक जेवण तासन्‌तास पुरवून खाऊ लागले, ताटं चाटू लागले. गप्पा खाण्याच्या, स्वप्नंही खाण्याची. आणि बंधनं उठल्यावर काहींनी प्रचंड खाल्लं, पोट तुडुंब भरूनही भूक भागल्यासारखं त्यांना वाटेना. हे प्रयोगाआधी पूर्णपणे सामान्य खाणारे लोक होते.

याच्या मागची यंत्रणा आता बरीच उलगडली आहे. मेदपेशींतून स्रवणारं लेप्टिन हे संप्रेरक मेंदूला साठा पुरेसा असल्याचं कळवतं. खाणं कमी केलं की काही दिवसांतच ते घसरतं, मेद फारसा उतरायच्या आधीच. जठरातून येणारं घ्रेलिन जेवणाआधी वाढतं आणि भूक जागवतं. आणि उपाशीपोटी गोड, तेलकट पदार्थ नुसते पाहिले तरी मेंदूतली बक्षिसाची केंद्रं जास्त उत्तेजित होतात. श्वास रोखून धरल्यावर पुढचा श्वास धापा टाकत येतो, त्याला कुणी फुप्फुसांचा दुबळेपणा म्हणत नाही. हेही तसंच आहे.

आता हे सगळं एका दिवसात बसवून पाहू. एक काल्पनिक उदाहरण घेतो. तिशीतली एक स्त्री. सकाळी काळी कॉफी, नाश्ता नाही, कारण कालची भरपाई करायची आहे. दुपारी एक वाजता फक्त सॅलड. चार वाजता ऑफिसात कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक येतो. ती नको म्हणते, पण पुढचा अर्धा तास कामात लक्ष लागत नाही. साडेपाचला उरलेल्या केकचा छोटा तुकडा खाते. केक तिच्या ‘वाईट’ यादीत पहिल्या क्रमांकावर आहे, म्हणजे आजचा दिवस मोडला. घरी येईपर्यंत पोटात जेमतेम पाचशे-सहाशे कॅलरी, लेप्टिन-घ्रेलिन दोन्ही भुकेच्या बाजूने, आणि रेषेची राखण करायला कुणी नाही. साडेआठ ते साडेनऊ ती ब्रेड, जॅम, बिस्किटं, आइस्क्रीम असं जे जे यादीत आहे ते घाईघाईने, चव न घेता खाते. यादीत नसलेलं काही खायची तिला इच्छाच होत नाही. मग लाज वाटते, पोट दुखतं, आणि निश्चय होतो की उद्या नाश्ता नाही.

शेवटचा निश्चय नीट पाहा. तिला तो उपाय वाटतो, पण पुढच्या रात्रीची तयारी तिथेच सुरू होते. रात्रीचा तासभर सगळ्यांना दिसतो, सकाळचा रिकामा तास कुणालाच दिसत नाही. उलट त्याचं कौतुक होतं.

मग काळजीने खाणं आणि खाण्याने झपाटून जाणं यांतली सीमा कुठे? ताटात काय आहे यावरून ती सहसा कळत नाही. नियम मोडल्यावर काय होतं, यावरून कळते. काळजीने खाणारा केक खातो आणि विसरतो. झपाटलेला त्याचा हिशेब दोन दिवस करत बसतो, भरपाई करतो, पुढच्या वाढदिवसाला जायचंच टाळतो. वर्ज्य पदार्थांची यादी दर महिन्याला वाढत जाते, कमी कधीच होत नाही. स्टीव्हन ब्रॅटमन या अमेरिकन डॉक्टरांनी १९९७ साली या शुद्ध खाण्याच्या ध्यासाला ‘ऑर्थोरेक्सिया’ असं नाव दिलं. मनोविकारांच्या अधिकृत अमेरिकन वर्गीकरणात तो अजून स्वतंत्र आजार म्हणून नाही. अनावर खाण्याचा विकार मात्र २०१३ पासून त्यात आहे. तिथे नुसतं जास्त खाणं पुरत नाही, खाताना थांबता येत नाही ही भावना आवश्यक असते, आणि असे प्रसंग सरासरी आठवड्यातून एकदा तरी, तीन महिने घडलेले असावे लागतात.

उपचारांची सुरुवात बहुतेकांना उलटी वाटते. ऑक्सफर्डच्या ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी विकसित केलेल्या उपचारपद्धतीत रात्रीच्या खाण्यावर आधी घाला घालत नाहीत, दिवसाचं खाणं परत आणतात. तीन जेवणं आणि दोन-तीन वेळा मधलं खाणं, जागेपणी मध्ये चार तासांहून जास्त खंड नको. आदल्या रात्री काहीही झालं असलं तरी सकाळचा नाश्ता करायचाच. आपल्या उदाहरणातल्या स्त्रीला सर्वात जड जाणारी पायरी हीच असेल. अनावर खाण्याचे प्रसंग बऱ्याचदा एवढ्यानेच विरळ होऊ लागतात. त्यानंतर वर्ज्य यादीतला एकेक पदार्थ, सर्वात कमी धास्तीचा आधी, ठरवून आणि पोट भरलेलं असताना खायचा. शून्यावरची रेषा अशी हळूहळू पुसली जाते.

प्रत्येक पथ्य याच वाटेने जातं असा निष्कर्ष मात्र काढू नका. तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, पुरेसं खाऊन वजन कमी करणाऱ्यांवर झालेल्या चाचण्यांत अनावर खाणं वाढलेलं सहसा दिसत नाही, काही चाचण्यांत ते कमीही झालं. मिल्कशेकच्या प्रयोगासारखे निकालही प्रत्येक वेळी आलेले नाहीत. १९९१ साली जर्मनीतल्या योआखिम वेस्टनहोफर यांनी दाखवलेला भेद इथे कामाचा आहे: ताठर नियम पाळणाऱ्यांत ताबा सुटण्याचं प्रमाण जास्त आढळतं, लवचीक नियमांत कमी. काहींच्या बाबतीत अनावर खाणं डाएटच्याही आधी सुरू झालेलं असतं आणि त्यात आनुवंशिकतेचाही वाटा असतो. ज्यांना सीलिअ‍ॅक, म्हणजे गव्हातलं ग्लूटेन न चालणारा आजार आहे किंवा एखाद्या अन्नाची अ‍ॅलर्जी आहे, त्यांच्यासाठी तर वर्ज्य पदार्थ खरोखरच वर्ज्य असतो. तिथे यादी डॉक्टरांनी तपासणीवरून केलेली असते आणि ती आपोआप वाढत जात नाही.

चक्कर येणं, छातीत धडधड, पाळी थांबणं, वजन झपाट्याने उतरणं, खाल्लेलं मुद्दाम उलटून काढणं, यातलं काही असेल तर नाश्त्याचा प्रयोग घरच्या घरी करत बसू नये. उलट्यांमुळे रक्तातलं पोटॅशियम घटून हृदयाची लय बिघडू शकते, आणि दीर्घ उपासमारीनंतर एकदम भरपूर खाणंही धोक्याचं असतं. अशा वेळी आधी डॉक्टरकडे जाऊन रक्त आणि ईसीजी तपासून घ्यायचा, मानसोपचार त्याच्या जोडीने सुरू होतात. वजन सामान्य आहे म्हणून ही तपासणी टाळू नये, कारण पोटॅशियम सामान्य वजनाच्या माणसातही घसरतं.