इ. स. ७५० : इराण्यांनी अरबांवर सूड उगवला का?

“खिलाफतीवर अब्बासी घराणं आलं म्हणजे इराणी नवमुसलमानांनी अरबांना हरवलं आणि धर्मपंडितांना मोकळीक मिळाली, असंच ना?”

नाही. आधीच्या उमय्या खलिफांविरुद्ध इराणच्या ईशान्येकडच्या खुरासान प्रांतातून उठलेल्या सैन्यात इराणी पुष्कळ होते, पण तिथे पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेले अरबही होते. सेनापती कहतबा तर ताय्यी टोळीचा अरब. नवा अब्बासी खलिफाही पैगंबरांच्या कुरैश या अरब टोळीचाच.

अरबेतर नवमुसलमानांना ‘मवाली’ म्हणत. (आपल्या मराठीतला मवाली याच शब्दावरून आला, मूळ अर्थात गुंडगिरी नाही, आश्रित एवढाच भाव आहे.) धर्म बदलूनही अनेकांकडून जिझिया उकळला जाई, हे खरं. पण तो थांबवायचा हुकूम उमय्या खलिफा दुसऱ्या उमरनेच ७१७ नंतर काढला होता. तो टिकला नाही. अब्बासींच्या काळात मवालींना दरबारात मोठी पदं मिळाली, तरी उठावाचा खरा सूत्रधार अबू मुस्लिम याला खलिफा मन्सूरने ७५५ मध्ये ठार करवलं.

पंडितांचं म्हणाल तर इराकमधल्या कूफ्याचे धर्मशास्त्री अबू हनीफा पाहा. मवाली घराणं, रेशमी कापडाचा व्यापार. परंपरा सांगते की उमय्या सुभेदाराने देऊ केलेलं पद नाकारलं म्हणून त्यांना फटके बसले. पुढे मन्सूरने काझीपद देऊ केलं. तेही त्यांनी नाकारलं, तेव्हा तुरुंगात टाकलं. ७६७ मध्ये बगदादमध्ये ते वारले. त्यांचे शिष्य अबू यूसुफ यांनी मात्र हारून रशीदच्या काळात मुख्य काझीपद स्वीकारलं.