गरोदरपणातली ग्लुकोज टॉलरन्स टेस्ट: तयारी आणि रिपोर्ट

गरोदर बाईला ठरावीक मापाचं ग्लुकोज पाण्यातून प्यायला देऊन, ठरलेल्या वेळाने रक्तातली साखर मोजायची तपासणी. मुंबईत बोलताना जीटीटी, ओजीटीटी, शुगरची टेस्ट किंवा नुसतं 'ग्लुकोजचं पाणी' असंही म्हणतात. गरोदरपणाच्या मध्यापासून वारेतून येणारी हार्मोन्स आईच्या इन्सुलिनचा जोर कमी करतात, स्वादुपिंड त्या मानाने जास्त इन्सुलिन बनवू शकलं तर साखर आटोक्यात राहते, नाही जमलं तर वाढते. म्हणून टेस्टचा नेहमीचा काळ 24 ते 28 आठवडे. आपल्याकडच्या सरकारी सूचनांत मात्र पहिल्याच व्हिजिटला एकदा आणि 24 ते 28 आठवड्यांत पुन्हा एकदा करायला सांगितलंय.

आपल्याकडे मुख्यतः दोन पद्धती चालतात आणि कुठली करणार यावर तयारी ठरते, त्यामुळे अपॉइंटमेंट घेतानाच "उपाशी यायचं का, आणि किती सॅम्पल घेणार?" एवढं विचारून घ्या. पहिली डिप्सी पद्धत, केंद्र सरकारच्या सूचनांत हीच आहे. खाऊन आलात तरी चालतं, 75 ग्रॅम ग्लुकोज प्यायचं आणि दोन तासांनी एकच सॅम्पल. दुसरी पद्धत तीन सॅम्पलची, प्रायव्हेट लॅबमध्ये बहुधा ही होते. त्यात रात्रीपासून 8 ते 14 तास उपाशी, साधं पाणी चालतं पण चहा नाही, आधी उपाशीपोटी एक सॅम्पल, मग तेच 75 ग्रॅम, मग एक तासाने आणि दोन तासांनी सॅम्पल.

आधीचे तीन दिवस रोजचंच जेवण ठेवायचं, ही तयारीतली सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट आहे. "शुगर जास्त येईल" या भीतीने भात-पोळी बंद करून गेलं तर उलटंच होतं, शरीराची पिष्टमय अन्नाची सवय मोडते आणि अचानक एवढं ग्लुकोज आलं की आकडा खोटाच वर जाऊ शकतो. बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टेरॉइडची इंजेक्शनं नुकतीच झाली असतील तरी साखर चढलेली असते, तेव्हा डॉक्टरांना सांगून टेस्ट पुढे ढकलून घ्या. पीसीओडीसाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर तेही आधी सांगा, स्वतःहून बंद करू नका.

75 ग्रॅम म्हणजे नेमकं कशाचं, यात थोडी खोच आहे. जागतिक आरोग्य संघटनेचं माप कोरड्या, पाणी नसलेल्या ग्लुकोजचं आहे, मोनोहायड्रेट प्रकारची पावडर असेल तर त्यातल्या पाण्याचं वजन धरून 82.5 ग्रॅम घ्यावी लागते. म्हणून मेडिकलमधून कुठलीही फ्लेवरवाली पावडर आणून चमच्याने मोजण्यापेक्षा लॅबचं पाकीट घ्या. ते साधारण 300 मिली पाण्यात विरघळवून 5 ते 10 मिनिटांत संपवायचं. चव फारच गोड लागते, मळमळतं, थंड पाण्यात केलं तर जरा सुसह्य होतं आणि लिंबाचे थेंब चालतील का ते तिथे विचारा. सरकारी सूचनांप्रमाणे अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर टेस्ट दुसऱ्या दिवशी नव्याने, त्यानंतर झाली तर चालू ठेवतात.

वेळ पहिल्या घोटापासून मोजतात, मोबाईलमध्ये लिहून ठेवा. मधल्या वेळात बसून राहायचं. "घरी जाऊन या" म्हणाले आणि तुम्ही चाळीचे तीन जिने चढून, मार्केटात फिरून परत आलात तर स्नायूंनी साखर वापरलेली असते आणि आकडा खाली येतो. उपाशीपोटी गर्दीच्या लोकलने लांबच्या लॅबला जाण्यापेक्षा चालत जाता येईल अशी लॅब आणि सकाळचा पहिला नंबर बरा, सोबत कुणीतरी आणि डबा असू द्या. रक्त नळीत तसंच पडून राहिलं तर रक्तपेशी साखर खात राहतात, फ्लोराइडची नळीसुद्धा पहिला तास-दोन तास ते पूर्ण थांबवत नाही, म्हणून रक्त तिथेच तपासतात की लांब पाठवतात हेही विचारण्यासारखं आहे.

कटऑफ आकड्यांचा वाद जुना आहे. सुरुवात सहसा 1964 च्या बॉस्टनमधल्या ओसलिव्हन आणि माहन यांच्या कामापासून धरतात. त्यांची टेस्ट 100 ग्रॅमची, तीन तासांची होती आणि आईला पुढे आयुष्यात मधुमेह होईल का हे त्यांना बघायचं होतं, बाळाचं काय होतं हे नाही. 2008 मध्ये हापो हा अनेक देशांतला मोठा अभ्यास आला, त्यात दिसलं की आईची साखर जशी वाढते तसं बाळाचं वजन आणि सिझेरियनचं प्रमाण हळूहळू वाढत जातं, मध्ये कुठे ठळक रेषच नाही. म्हणजे रेष माणसांनी एकमताने ओढली: 2010 मध्ये उपाशी 92, एक तासाला 180, दोन तासांना 153, यातला एकही आकडा गाठला तरी गरोदरपणातला मधुमेह. जागतिक आरोग्य संघटनेने 2013 मध्ये हेच घेतलं. डिप्सीचा दोन तासांचा 140 हा संघटनेच्या आधीच्या निकषाशी जुळतो, आणि चेन्नईचे डॉ. शेषय्या यांनी ही पद्धत खाऊन आलेल्या बाईलाही चालेल अशी मांडली. चेन्नईतल्याच दुसऱ्या एका गटाने खाऊन केलेल्या टेस्टमध्ये बऱ्याच केसेस सुटतात असा आक्षेप घेतलाय. तीन सॅम्पल शक्य असतील तर ते जास्त सांगून जातात असं दिसतं, पण जिला पुन्हा येणं जमणार नाही तिच्यासाठी आजच्या आज झालेलं एक सॅम्पल नक्कीच बरं.

आता एक रिपोर्ट घेऊ. समजा 26 व्या आठवड्यात आकडे आले 84, 171 आणि 146. तीन सॅम्पलच्या निकषाने तिन्ही रेषेखाली, म्हणजे नॉर्मल. पण 140 ची रेष लावली तर 146 वर आहे, म्हणजे मधुमेह. लॅबची चूक नाही, मोजपट्ट्या दोन आहेत. उलट 95, 160, 128 आले तर एका सॅम्पलवाली पद्धत नॉर्मल म्हणेल, कारण ती उपाशीपोटीचा 95 बघतच नाही. म्हणून मैत्रिणीच्या रिपोर्टशी आकडे ताडू नका, डॉक्टरांना थेट विचारा की तुम्ही कुठला निकष लावलात. पहिल्या उदाहरणात बरेच डॉक्टर आहार बदलून जेवणानंतरची साखर बघत राहायला सांगतील आणि ते योग्यच वाटतं. उपाशीपोटी 126 किंवा दोन तासांना 200 च्या वर गेलं तर मात्र गोष्ट वेगळी, तो बहुधा आधीपासूनचा मधुमेह असतो आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवायचं.

निदान झालं तर आपल्या सरकारी सूचनांप्रमाणे आधी दोन आठवडे आहार आणि चालणं, जेवणानंतर दोन तासांनी साखर 120 च्या खाली राहिली तर तेवढंच पुरतं, नाहीतर मेटफॉर्मिन किंवा इन्सुलिन. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी हीच 75 ग्रॅमची टेस्ट पुन्हा उपाशीपोटी करतात आणि तेव्हा आकडे गरोदर नसलेल्या बाईचे लावतात: दोन तासांना 140 च्या खाली नॉर्मल, 200 आणि वर मधुमेह.