पाण्याच्या ग्लासात तळाशी बसला म्हणजे मध शुद्ध?

"ग्लासभर पाण्यात चमचाभर मध सोडला, न विरघळता तळाशी बसला. म्हणजे शुद्धच ना?"

नाही. घट्ट पाक पाण्यापेक्षा जड असतो, तोही तसाच तळाशी बसतो. गुलाबजामचा उरलेला पाक दाट आटवून सोडून बघा. उलट सातेरी मधमाशीच्या ताज्या मधात पाण्याचा अंश जास्त, तो अस्सल असूनही लवकर विरघळतो. मधात बुडवलेली काडी पेटवण्याची परीक्षाही ओलावाच मोजते. आणि मध थिजला म्हणजे साखर घातली असंही नाही. ग्लुकोज जास्त असेल तर अस्सल मधही थिजतो.

प्रयोगशाळा कार्बन पाहते. ऊस आणि मका हवेतला कार्बन वेगळ्या पद्धतीने घेतात, त्यामुळे त्यांच्या साखरेत जड कार्बनचं प्रमाण बहुतेक फुलांच्या मकरंदापेक्षा जास्त भरतं. मध आणि त्यातलं प्रथिन यांच्यातल्या जड कार्बनची तुलना केली की उसाची भेसळ उघडी पडते. पण तांदूळ आणि बीट बहुतेक फुलझाडांसारखाच कार्बन घेतात, त्यांचा पाक इथून निसटतो. त्यासाठी एनएमआरसारखी चाचणी लागते. ती मधाचा सगळा रासायनिक ठसा अस्सल नमुन्यांशी ताडते. २०२० मध्ये दिल्लीच्या सीएसई या पर्यावरण संस्थेने १३ ब्रँड तपासले, तेव्हा साध्या चाचण्यांतून पार झालेले बरेच इथे अडकले.