युद्धाच्या क्रौर्याचे संयत लेखन

युद्धातील हत्या, जखमा, विटंबना यांचे तपशीलवार वर्णन न करता त्यांची भीषणता वाचकाच्या मनात उभी करण्याची लेखनपद्धती. घडलेली गोष्ट लपवणे हा तिचा हेतू नसतो. काय झाले, कोणी केले, कोणावर केले हे वाचकाला कळलेच पाहिजे. फक्त ते कळण्याचे शेवटचे पाऊल तो स्वतः टाकतो. संस्कृत साहित्यशास्त्रात याला जवळची कल्पना ध्वनीची आहे. नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धनाने मांडले की काव्याचा आत्मा शब्दांच्या सरळ अर्थात नसून त्यातून सूचित होणाऱ्या अर्थात असतो.

भारतीय रंगभूमीवर या संयमाला नियमाचेच रूप आले होते. अंकात प्रत्यक्ष दाखवू नयेत अशा गोष्टींमध्ये नाट्यशास्त्र युद्ध, राज्यभ्रंश, मरण आणि नगराचा वेढा यांची नावे घेते. अशा घटना अंकाबाहेर घडतात आणि प्रवेशक किंवा विष्कंभक या जोडप्रवेशांतून पात्रांच्या तोंडून प्रेक्षकाला कळतात. मात्र हा नियम पाळला म्हणजे लेखन आपोआप संयत होते असे नाही. रंगमंचावर न दाखवलेले रक्त श्लोकांतून कितीही सांडता येते. म्हणून नियमापेक्षा त्याचा वापर पाहणे उपयोगाचे ठरते, आणि त्यासाठी ‘ऊरुभंग’ या एकांकी संस्कृत नाटकाइतके चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

ऊरुभंग हे भासाच्या नावावर असलेल्या त्रिवेंद्रम नाटकांपैकी एक. टी. गणपतिशास्त्री यांनी ही नाटके 1912 पासून प्रकाशित केली. ती सगळी भासाचीच आहेत का, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. नाटकाचा विषय भीम आणि दुर्योधन यांचे गदायुद्ध. नियमाविरुद्ध मांडीवर प्रहार करून भीम दुर्योधनाला पाडतो; पण हे युद्ध आपल्याला दिसत नाही. सुरुवातीच्या विष्कंभकात तीन सैनिक कुरुक्षेत्राची अवस्था सांगतात आणि मग गदायुद्धाचा वृत्तान्त देतात. त्यांची वर्णने अलंकारांनी भरलेली आहेत, त्यांत रक्तही पुष्कळ आहे. वाचून झाल्यावर त्यांतले फारसे काही मनात राहत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. हत्ती, गिधाडे, रणभूमीचा यज्ञ ही त्या काळच्या काव्यातली सवयीची सामग्री होती.

नाटकाची खरी ताकद त्यानंतर दिसते. मांड्या मोडलेला दुर्योधन जमिनीवर सरपटत येतो. त्याला शोधत आंधळा धृतराष्ट्र, डोळे बांधलेली गांधारी, दोन राण्या आणि लहानगा मुलगा दुर्जय रणभूमीवर पोचतात. ज्या दोघांनी पाहिले असते तर आक्रोश केला असता, त्यांना पाहताच येत नाही. ते हाका मारत चाचपडत राहतात. वडिलांना नमस्कार करायला दुर्योधन उठू पाहतो आणि कोसळतो. भीमाने मांड्यांबरोबर वडिलांच्या पाया पडणेही हिरावून नेले, असे त्याला वाटते. इथवर जखमेची खोली, तुटलेले हाड, वेदना यांचे वेगळे वर्णन करावे लागलेले नाही. नमस्कार करता येत नाही, एवढ्यात सगळे आले.

मग दुर्जय येतो आणि रोजच्या सवयीने बापाच्या मांडीवर बसायला जातो. दुर्योधन त्याला अडवतो. ही तुझी ओळखीची जागा आजपासून नाही, आता कुठेही बस, अशा अर्थाचे तो बोलतो. मुलाला कारण कळत नाही. आपण आपल्या शंभर भावांकडे जातो आहोत, असे बापाने सांगितल्यावर तो म्हणतो, मलाही न्या. त्यावर बाप म्हणतो, जा, भीमाला सांग.

महाभारतात दुर्योधनाचा मुलगा लक्ष्मण आहे. मांडीवर बसू पाहणारा हा पोर नाटककाराने आणला, आणि का आणला ते नीट पाहण्यासारखे आहे. युद्धाचे दुःख दाखवायला लहान मूल आणणे ही सोपी युक्ती आहे. मातीत पडलेली बाहुली, जळके दप्तर, एकटीच राहिलेली चप्पल अशा वस्तू युद्धावरच्या लेखनात इतक्यांदा आल्या आहेत की आता त्या कोणत्याही युद्धाला चालतात, आणि म्हणूनच कोणत्याच युद्धाबद्दल काही सांगत नाहीत. दुर्जयाची मांडी तशी नाही. दुर्योधनाच्या छातीवर किंवा डोक्यावर घाव बसला असता तर हा प्रसंग लिहिताच आला नसता. जी जखम अधर्माने झाली, नेमकी तीच मुलाच्या मागणीतून समोर येते. शिवाय करणाऱ्याचे नावही झाकलेले नाही. ते मुलाला दिलेल्या उत्तरात आहे. सूचक तपशील त्याच घटनेतून निघाला पाहिजे आणि दुसरीकडे उचलून ठेवता येऊ नये, ही कसोटी इथे पुरी होते.

नाटकाच्या अखेरीस अश्वत्थामा सूड घ्यायला निघतो. झोपलेल्या पांडवसैन्याची रात्रीची कत्तल महाभारताच्या सौप्तिकपर्वात आहे. ती प्रेक्षकाला माहीत असते, म्हणून नाटककार तिच्या उंबरठ्यावर थांबू शकतो. संयत लेखनाची एक मर्यादाही इथेच दिसते: न सांगितलेले भरून काढायला वाचकाकडे काहीतरी आधीचे असावे लागते.

ही मर्यादा मराठी इतिहासातल्या एका वाक्यात अधिक ठसठशीत आहे. 14 जानेवारी 1761 रोजी पानिपतावर मराठ्यांचा पराभव झाला. त्याची बातमी उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांना सावकारी पत्रातून मिळाली, असे ग्रँट डफने 1826 च्या आपल्या इतिहासात नोंदवले आहे. मराठीत ते वाक्य थोड्याफार फरकाने असे सांगतात: दोन मोती गळाली, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये आणि खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. मोती म्हणजे सदाशिवरावभाऊ आणि विश्वासराव, मोहरा म्हणजे सरदार, खुर्दा म्हणजे बाकीचे सैन्य. भाषा सावकारी गुप्ततेची आहे, साहित्याची नाही. तरी परिणाम जबरदस्त आहे. हिशेबाच्या कोरड्या चालीत आकडे वाढत जातात आणि शेवटी मोजणीच थांबते. पेशव्यांना मोती कोणते ते विचारावे लागले नाही. विश्वासराव त्यांचा मुलगा होता. त्याच वर्षी जूनमध्ये पुण्यात पर्वतीवर ते वारले.

पण हेच वाक्य दुसऱ्या बाजूने वाचले की त्याने काय गाळले ते दिसते. खुर्द्यात बारगीर, शिलेदार, बुणगे, यात्रेसाठी सोबत निघालेली माणसे, बायकामुले असे सगळे आले. युद्धानंतर कैद्यांची कत्तल झाली आणि अनेक स्त्रिया व मुले गुलाम म्हणून नेली गेली. शुजाउद्दौल्याच्या चाकरीतील काशिराज पंडिताने फारसीत लिहिलेल्या वृत्तान्तात या कत्तलीचा उल्लेख आहे. सावकारी पत्रात तिला जागा नव्हती. आणि लोकांच्या तोंडी पत्र राहिले, काशिराजाचा वृत्तान्त अभ्यासकांपुरता उरला. मोती कळतात कारण त्यांची नावे ऐकणाऱ्याला ठाऊक असतात. खुर्द्यातील माणसापाशी वाचकाला घेऊन जाणारा एकही धागा त्या वाक्यात नाही. तिथे संयम आणि विस्मरण यांत फरक राहत नाही. पानिपतावर आज लिहिणाऱ्याला मोत्यांसाठी नवे काही शोधण्याची गरज फारशी नाही. दुर्जयाच्या मांडीसारखा नेमका तपशील त्याला खुर्द्यातील एखाद्या माणसासाठी शोधावा लागेल.