लो-पॉली झाडे आणि खडक : मोजके फेस व व्हर्टेक्स रंग

गेममधील देखाव्यासाठी झाडे व खडक अत्यंत कमी फेसमध्ये, म्हणजे मोजक्या सपाट पृष्ठांत, घडवून त्यांचे रंग टेक्स्चरच्या चित्रात न ठेवता मेशच्या व्हर्टेक्सवरच, म्हणजे आकाराच्या जाळीतील कोपऱ्यांच्या बिंदूंवरच, साठवण्याची ही पद्धत. या पद्धतीत मॉडेलला यूव्ही उलगडावे, म्हणजे चित्र बसवण्यासाठी पृष्ठभाग सपाट पसरावे, लागत नाही आणि चित्राची फाइल लागत नाही. प्रत्येक व्हर्टेक्स आपल्या स्थानासोबत एक रंगही वाहून नेतो आणि ग्राफिक्स कार्ड दोन व्हर्टेक्समधल्या जागेत तो रंग हळूहळू बदलत नेते. म्हणून इथे कडा कुठे पाडायची हा प्रश्न आकाराइतकाच रंगाचाही असतो. जिथे व्हर्टेक्स नाही, तिथे रंग बदलता येत नाही.

तंत्र जुने आहे. त्रिकोणाच्या कोपऱ्यांवरून रंग पसरवण्याची रीत आंरी गुरो यांनी १९७१ मध्ये मांडली. १९९८ च्या ‘स्पायरो द ड्रॅगन’ या प्लेस्टेशन गेममधले आकाश चित्राचे नसून व्हर्टेक्स रंग दिलेल्या मेशचे होते. त्या काळी मेमरीची चणचण होती. आज ही निवड मुख्यतः शैलीची आहे. एका झाडाला ५० ऐवजी ५०० त्रिकोण दिले तर आजच्या फोनला फारसा फरक पडत नाही. खरा फायदा मटेरियलचा, म्हणजे पृष्ठभाग कसा दाखवायचा हे ठरवणाऱ्या मांडणीचा, होतो. रंग मेशमध्येच असल्याने सगळी झाडे, खडक आणि झुडपे एकाच मटेरियलवर चालतात, आणि गेम इंजिनला ती एकगठ्ठा रेखाटणे सोपे जाते.

पुढील तपशील ब्लेंडर हे त्रिमितीय मॉडेलिंगचे सॉफ्टवेअर गृहीत धरून दिला आहे. नमुन्यादाखल चार मीटर उंचीचा सूचिपर्णी वृक्ष घेऊ. ट्युटोरियलमध्ये बहुधा हेच झाड पहिले शिकवतात, कारण शंकू एकावर एक ठेवले की झाड ओळखू येते. (सह्याद्रीच्या देखाव्यात मात्र ते ठेवू नये, एक सूचिपर्णी दिसला की बघणाऱ्याला थेट हिमाचल आठवते.)

खोडासाठी पाच बाजूंचा सिलिंडर पुरतो. त्याची उंची १.२ मीटर ठेवावी, त्रिज्या खाली १८ सेंटिमीटर आणि वर १२. वरचे व खालचे झाकण काढून टाकावे, कारण एक पानांत लपते आणि दुसरे जमिनीत. पानांसाठी सात बाजूंचे तीन शंकू घ्यावेत. खालच्याची त्रिज्या १.३ मीटर, तळ ०.८ मीटरवर आणि उंची १.६, मधल्याची त्रिज्या १ मीटर, तळ १.७ वर, उंची १.४, वरच्याची त्रिज्या ०.७, तळ २.६ वर, उंची १.४. सात बाजूंच्या शंकूत दोन कडांमधला कोन सुमारे ५१ अंश असतो. म्हणून मधला शंकू त्याच्या निम्म्याने, म्हणजे साधारण २५ अंश फिरवावा. तसे न केल्यास तिन्ही शंकूंच्या कडा एका रेषेत येतात आणि झाड कागदी टोप्यांच्या चळतीसारखे दिसते. शेवटी घेराचे व्हर्टेक्स एकाआड एक सहा-सात सेंटिमीटर खाली ओढावेत. सात ही संख्या विषम असल्याने कुठेतरी दोन शेजारी सारखेच राहतात, आणि तेवढ्या विसंगतीने घेर हाताने कापल्यासारखा वाटतो.

घेर वरखाली केला की शंकूचा तळ सपाट राहत नाही. तो सातकोनी तसाच सोडला तर त्याचे त्रिकोण कसे पाडायचे हे निर्यात करणारा प्रोग्रॅम ठरवतो, आणि इंजिनमध्ये झाडाखाली भलतीच घडी दिसते. म्हणून निर्यातीपूर्वी तळ निवडून `Ctrl+T` ने त्रिकोण स्वतःच पाडून घ्यावेत. आता हिशेब असा : खोडाचे १० त्रिकोण, प्रत्येक शंकूचे बाजूंचे ७ आणि तळाचे ५. एकूण ४६. कॅमेरा कायम वरूनच पाहणार असेल तर तळ काढून ३१ वर येता येते. पण खेळाडू झाडाखालून जाणार असेल तर फेसची मागची बाजू न रेखाटणारे इंजिन त्या जागी सरळ आकाश दाखवते.

या ४६ त्रिकोणांना प्रत्यक्षात व्हर्टेक्स मात्र बरेच लागतात. फ्लॅट शेडिंगमध्ये प्रत्येक फेसचा नॉर्मल, म्हणजे तो कोणत्या दिशेला तोंड करून आहे ते, वेगळा असतो, त्यामुळे कडेवरचा एकच बिंदू ग्राफिक्स कार्डाकडे जाताना फेसगणिक वेगळा होतो. ब्लेंडरमध्ये या झाडाचे ३४ बिंदू दिसतात, तर इंजिनमध्ये ते सुमारे १२८ भरतात. ही चूक नव्हे. पण ही गोष्ट पुढे वाऱ्याच्या वेळी लक्षात ठेवावी लागते.

रंगासाठी `Color Attribute` तयार करताना दोन पर्याय विचारले जातात. `Vertex` घेतल्यास एका बिंदूला एकच रंग मिळतो. `Face Corner` घेतल्यास त्या बिंदूला टेकणाऱ्या प्रत्येक फेसच्या कोपऱ्याला वेगळा रंग देता येतो. झाडासाठी दुसराच घ्यावा. शंकूच्या घेरावरचा बिंदू वरच्या उजळ बाजूचाही असतो आणि खालच्या अंधाऱ्या तळाचाही. एकच रंग ठेवला तर घेराचा उजळपणा तळाखाली झिरपतो आणि फांद्या आतून दिवा लावल्यासारख्या दिसतात.

शंकूचे टोक उजळ व घेर गडद रंगवण्याचा मोह स्वाभाविक आहे, पण तो इथे फसतो. खालच्या शंकूचे टोक २.४ मीटरवर आहे आणि मधल्या शंकूचा तळ १.७ वरच सुरू होतो, म्हणजे ते टोक कधी दिसतच नाही. त्यामुळे खालच्या दोन शंकूंचा घेर उजळ, पिवळसर हिरवा ठेवावा आणि टोक गडद, निळसर हिरवे. वरच्या थराची सावली खालच्यावर पडल्याचा भास फुकटात मिळतो. शंकूच्या उतारातला जेमतेम निम्मा भागच उघडा असल्याने टोकाचा रंग हवा त्यापेक्षा बराच गडद द्यावा लागतो; नाहीतर छटेतला फरक जाणवतच नाही. सर्वांत वरच्या शंकूचे टोक तेवढे उजळ. ब्लेंडरमधल्या `Dirty Vertex Colors` या आदेशाने असे काम आपोआप होईल अशी अपेक्षा ठेवू नये. इतक्या कमी बिंदूंत त्याला सावली लिहायला जागाच नसते.

खडकाची बहुतेक मॉडेले आयको-स्फिअर हा त्रिकोणांचा गोळा घेऊन त्याचे बिंदू इकडेतिकडे हलवून केली जातात, आणि ती बटाट्यासारखी किंवा चुरगाळलेल्या कागदासारखी दिसतात. कारण असे की त्या गोळ्याचे ८० त्रिकोण जवळपास एकाच मापाचे असतात. फुटलेल्या दगडाला दोन-तीन मोठ्या सपाट बाजू असतात, काही मध्यम आणि कोपऱ्यांवर बारीक टवके. हा फरक हलवून येत नाही, कापून येतो.

म्हणून १.२ × ०.९ × ०.७ मीटरचा ठोकळा घ्यावा आणि `Bisect` ने सात काप द्यावेत. प्रत्येक वेळी `Fill` चालू ठेवावे आणि कापलेला बाहेरचा तुकडा टाकून द्यावा. आधी दोन मोठे तिरके काप, मग तीन मध्यम, शेवटी दोन लहान कोपरे. कोणताही मूळ पृष्ठभाग पूर्ण नाहीसा झाला नाही तर १३ सपाट फेस उरतात, आणि त्यांचे त्रिकोण ४० होतात. सपाट बहुकोनाचे सगळे त्रिकोण एकच नॉर्मल वापरतात, त्यामुळे इंजिनमध्ये ६६ च व्हर्टेक्स लागतात. आयको-स्फिअरला फ्लॅट शेडिंगमध्ये २४० लागले असते.

खडकाला रंग फेसनिहाय द्यावा : वर पाहणारे फेस उजळ, उभे मध्यम, खाली झुकलेले गडद. व्हर्टेक्स पेंटमध्ये फेस निवडीचा मास्क चालू करून `Paint` मेनूतील `Set Vertex Colors` दिले की निवडलेला फेस एका रंगाने भरतो. खडक जमिनीवर ‘बसलेला’ दिसावा म्हणून बुडाशी काळपट पट्टा हवा असतो, आणि इथे पहिला नियम पुन्हा आडवा येतो. खालच्या बिंदूंना गडद केले तर ती छटा पुढच्या बिंदूपर्यंत, म्हणजे खडकाच्या निम्म्या उंचीपर्यंत चढते. उपाय म्हणजे जमिनीपासून १५ सेंटिमीटरवर एक आडवा काप, या वेळी काहीही न टाकता. आकारात काडीचा फरक पडत नाही. तो काप केवळ रंगासाठी असतो.

सह्याद्रीचा कातळ करायचा असेल तर तिरके काप टाळून आडवे आणि उभे घ्यावेत, कारण बेसॉल्टचे थर पायऱ्यांसारखे तुटतात. कोकणातल्या जांभ्याची छिद्रे मात्र इतक्या फेसमध्ये दाखवता येत नाहीत. तिथे तांबूस-तपकिरी रंगावरच भागवावे लागते.

एकच खडक फिरवून वापरताना तो फक्त उभ्या अक्षाभोवती फिरवावा. उजेड रंगातच लिहिलेला असल्याने खडक आडवा केला की उजळ माथा जमिनीला लागतो आणि सूर्य खालून आल्यासारखे दिसते.

झाड वाऱ्यावर डोलवायचे असल्यास रंगाच्या चौथ्या, म्हणजे अल्फा चॅनलमध्ये किती हलायचे ते लिहितात : बुंध्याशी ०, शेंड्याशी १. हे हाताने रंगवू नये. एकाच जागेवरच्या दोन कोपऱ्यांना वेगळी किंमत पडली की ते बिंदू वेगवेगळे सरकतात आणि झाडाला कडांवर भेगा पडतात. उंचीवरूनच किंमत काढली तर हा धोका राहत नाही. सर्व भाग जोडून, मूळबिंदू बुंध्याशी ठेवून, ऑब्जेक्ट मोडमध्ये :

```python
import bpy
me = bpy.context.object.data
col = me.color_attributes.active_color
top = max(v.co.z for v in me.vertices)
for l in me.loops:
    z = max(me.vertices[l.vertex_index].co.z, 0.0)
    col.data[l.index].color[3] = (z / top) ** 2
```

वर्ग घेतल्याने खोड जवळजवळ स्थिर राहते आणि शेंडा वाकतो. इंजिनमध्ये अख्खे झाड बुंध्यासकट घसरू लागले तर अल्फा निर्यातीत गळून सगळीकडे १ झाला आहे असे समजावे.

निर्यातीनंतर झाड पांढरेफटक दिसणे ही सर्वांत नेहमीची तक्रार आहे. बहुधा रंग फाइलमध्ये असतात, पण मटेरियल ते वाचत नसते. गोडो या इंजिनमध्ये मटेरियलच्या `Vertex Color` विभागात `Use as Albedo` चालू करावे लागते; युनिटी या इंजिनचा नेहमीचा लिट शेडर व्हर्टेक्स रंगाकडे पाहतच नाही, म्हणून शेडर ग्राफमध्ये `Vertex Color` नोड जोडावा लागतो. ब्लेंडरच्या नव्या आवृत्त्यांतून ग्लटीएफ या फाइल-स्वरूपात निर्यात करताना मटेरियलमध्ये `Color Attribute` नोड जोडलेला नसेल तर रंग मुळात बाहेरच न पडण्याची शक्यता असते, तेव्हा आधी ते तपासावे.

रंग दिसतात पण फिके किंवा काळवंडलेले, ही दुसरी तक्रार. ग्लटीएफमध्ये व्हर्टेक्स रंग लिनिअर, म्हणजे उजेडाच्या प्रत्यक्ष प्रमाणात, असतात, तर पडद्यावर निवडलेला मध्यम करडा एसआरजीबी या पडद्याच्या रंगमापनात ०.५ असला तरी लिनिअरमध्ये सुमारे ०.२१ असतो. रूपांतर राहून गेले की सगळे धुरकट फिके पडते. दोनदा झाले की गडद होते. पडताळण्यासाठी एक फेस ०.५ करड्याने रंगवावा आणि इंजिनमध्ये त्याच्या शेजारी १२८ करड्या रंगाचे टेक्स्चर लावलेला सपाट फेस ठेवावा. दोन्ही सारखे दिसले नाहीत तर बिघाड रूपांतरात आहे, आणि पुन्हा रंगवत बसण्याऐवजी गोडोतील `Is sRGB` किंवा एफबीएक्स या फाइल-स्वरूपाच्या निर्यातीतील रंगाचा पर्याय बदलून पाहावा.