फोटोतली वाफ आणि फोटोतली फोड

बेळगावच्या शहापुरातल्या एका खानावळीसाठी मटण थाळीचे फोटो काढले, तेव्हा मी दोन गोष्टी केल्या होत्या. रश्श्यावर वाफ दिसत नव्हती म्हणून ती नंतर वेगळी टिपून फोटोत बसवली. आणि रस्सा पातळ असल्यानं फोडी बुडत होत्या, म्हणून वाटीत एक छोटी वाटी पालथी घालून तिच्यावर त्या रचल्या. फोटो झकास आला. आठवड्याभरात मालकांचा फोन आला, "पार्सल नेलेला माणूस परत आलाय ओ. म्हणतोय, फोटोत सगळे पीस वर होते, आमच्या डब्यात नुसता रस्सा."

डब्यातल्या फोडी मोजल्या तर त्या बरोबर चार होत्या, फोटोतही चारच. तरीही तो माणूस खोटं बोलत नव्हता. वर दिसणाऱ्या चार फोडी पाहून खाली आणखी असतील असं कुणालाही वाटतं. वाफेबद्दल मात्र त्यानं चकार शब्द काढला नाही. पार्सल घरी पोचेपर्यंत रस्सा कोमट झाला असणार, हे तो धरूनच चालला होता.

वाफ आणि फोडी ही दोन्ही कामं सजावटच वाटतात, म्हणून त्यांची गल्लत होते. वाफ पदार्थाची अवस्था सांगते, म्हणजे तो गरम आहे एवढंच. वर उचललेली फोड प्रमाण सांगते. आपल्याकडच्या 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या आहे. वस्तूचं स्वरूप, घटक, प्रमाण किंवा दर्जा याबद्दल ग्राहकाचा गैरसमज होईल, अशी जाहिरात तिच्यात येते. माझी पालथी वाटी थेट 'प्रमाण' या शब्दाखाली जाते.

ही युक्ती माझी नव्हे, जुनीच आहे. अमेरिकेत कॅम्पबेल कंपनीनं सूपच्या जाहिरातीत वाडग्याच्या तळाशी काचेच्या गोट्या टाकल्या होत्या, भाज्यांचे तुकडे वर दिसावेत म्हणून. तिथल्या व्यापार आयोगानं हे प्रकरण हाती घेतलं आणि 1970 मध्ये ते कंपनीला गोट्या वापरायला बंदी घालून मिटलं. सूप खरं होतं, भाज्याही त्याच सुपातल्या होत्या. खोटी होती ती त्यांची जागा.

याच्या उलट बाजूचं उदाहरणही तिथलंच आहे. 1965 साली दाढीच्या क्रीमच्या जाहिरातीवरचा एक खटला तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेला होता. निकालात न्यायालयानं आइस्क्रीमचा दाखला दिला. दिव्यांच्या उष्णतेनं आइस्क्रीम वितळतं म्हणून कुणी खाताना दाखवायला कुस्करलेला बटाटा वापरला, तर हरकत नाही. पण त्याच बटाट्याकडे बोट दाखवून 'बघा, किती घट्ट आणि रंगदार' असं म्हणून माल विकायचा असेल, तर ती फसवणूक. म्हणजे कॅमेऱ्याला जे जमत नाही ते भरून काढणं वेगळं, आणि जे दाखवून गिऱ्हाईक ओढायचं तेच बनावट असणं वेगळं.

वाफ पहिल्या जातीची आहे, कारण कॅमेऱ्याला ती खरोखरच सापडत नाही. आपल्याला दिसते ती पाण्याची वाफ नव्हे, तिचे थंड हवेत झालेले बारीक थेंब. बेळगावात डिसेंबरच्या सकाळी चहाच्या कपावरही ती ठळक दिसते. मे महिन्यातल्या दुपारी तोच उकळता रस्सा टेबलावर ठेवला, तर थेंब तयार होतानाच विरून जातात. म्हणून मी आधी थंड रश्श्याची वाटी ठेवून फोकस आणि प्रकाश लावून घेतो. मागे गडद कापड, आणि दिवा वाटीच्या मागून जरा बाजूला, म्हणजे वाफ उजळते. मग पंखा बंद करून उकळता रस्सा आणायचा. हाताशी जेमतेम मिनिटभर असतं.

तेवढ्यात जमलं नाही तर त्याच दिव्याखाली, काळ्या कापडासमोर गरम पाण्याची वाफ टिपायची. Snapseed मध्ये जेवणाचा फोटो उघडून Double Exposure मधून वाफेचा फोटो वर घ्यायचा आणि Lighten निवडायचं. काळा भाग नाहीसा होतो, वाफ उरते. ती रश्श्याच्या पृष्ठभागावरूनच निघाली पाहिजे आणि वर जाता जाता विरली पाहिजे. कुणी उदबत्तीचा धूर वापरतं, पण तो बारीक निळसर धाग्यासारखा चढत जातो, लगेच ओळखू येतो.

पण वाफेलाही हद्द आहे. पदार्थ गिऱ्हाइकाला गरम मिळत असेल तरच ती घालायची. खोक्यातून विकल्या जाणाऱ्या कुंद्यावर वाफ काढली, तर 'आत्ताच कढईतून उतरवला' असा नवाच दावा होतो. पार्सलच्या बंद डब्याच्या फोटोतही मी ती घालत नाही. वाटीत वाढलेल्या रश्श्यावर घालतो.

कोथिंबीर आणि तुपाची धार यांचं एका झटक्यात ठरत नाही. दिव्याखाली मलूल झालेली कोथिंबीर काढून तेवढीच ताजी टाकली, तर बदलली ती अवस्था. स्वयंपाकघरातून रोज जी थाळी जाते तिच्यावर कोथिंबीर नसतेच, तर मात्र फोटोतही नको. काजू, केशर, तूप यांच्याबाबत मी जास्त कडक आहे, कारण गिऱ्हाईक त्यांचे पैसे मोजतो. पोळीवर एक चमचा तूप मिळत असेल, तर फोटोतलं तळंही त्या एका चमच्याचंच हवं.

ओघळाकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. वाटीच्या बाहेरून उतरलेला तर्रीचा ओघळ फार देखणा दिसतो, पण तो म्हणतो की वाटी काठोकाठ भरून सांडते आहे. खानावळीत रस्सा काठापासून दोन बोटं खाली असेल, तर बाहेरचा ओघळ म्हणजे पालथ्या वाटीचाच भाऊ. पळीवरून वाटीत पडणारी धार घ्यावी. तीही तेवढीच देखणी दिसते आणि वाटी किती भरली आहे याबद्दल काही बोलत नाही.

तो थाळीचा फोटो आम्ही पुन्हा काढला. वाढणाऱ्या मावशींनाच त्यांच्या रोजच्या पळीनं, रोजच्या वाटीत वाढायला सांगितलं. मी काही हलवायच्या आधी वाटी वजनकाट्यावर ठेवली, वरून एक साधा फोटो घेतला आणि फोडी मोजल्या: चार. त्यानंतर फोडी दाखवायचा प्रश्न उरलाच होता, कारण नुसत्या लाल रश्श्याचा फोटो कुणी बघत नाही. शेवटी चमच्यानं एक फोड रश्श्यातून अर्धी वर उचलून धरली, तिच्यावरून तर्री निथळत असताना फोटो घेतला. एक फोड दिसते, बाकीच्या रश्श्यात आहेत हे कळतं, आणि वाटी वाढली तशीच राहते. फोटोखाली मराठी आणि कन्नड दोन्हींत 'चार पीस' असं लिहिलं. वाफ वेगळी टिपून बसवलेलीच ठेवली. काम झाल्यावर वाटी परत काट्यावर ठेवली, वजन तेवढंच भरलं. तो साधा फोटो मालकांच्या फोनमध्ये आहे. कुणी तक्रार घेऊन आलं, तर ते आधी तोच उघडून दाखवतात.