रेषीय नियोजन : दोन वस्तू बनवणाऱ्या वर्कशॉपसाठी आलेख पद्धत

हाताशी असलेला माल, तास आणि मागणी ठरावीक असताना कोणती वस्तू किती बनवली तर सर्वाधिक नफा होईल, हे ठरवण्याची गणिती रीत म्हणजे रेषीय नियोजन. १९३९ साली सोव्हिएत गणितज्ञ लिओनिद कांतोरोविच यांनी प्लायवुड कारखान्याच्या एका प्रश्नातून या विषयाची मांडणी केली. १९४७ मध्ये अमेरिकेत जॉर्ज डँट्झिग यांनी असे प्रश्न पायरीपायरीने सोडवणारी सिम्प्लेक्स पद्धत दिली. वस्तू दोनच असतील तर सिम्प्लेक्सची गरज नाही, आलेखाचा एक कागद आणि पट्टी पुरते. विदर्भातल्या खेड्यांत लोखंडी अवजारे बनवणारी जी लहान वर्कशॉप आहेत, त्यांचा प्रश्न बहुधा असा दोन वस्तूंचाच असतो.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एखाद्या गावातले वर्कशॉप घेऊ. तिथे बैलजोडीचे वखर आणि डवरे बनतात. वखर पेरणीआधी जमीन भुसभुशीत करायला लागतो, तर डवरा पिकाच्या ओळींमधले तण काढायला. पुढचे आकडे उदाहरणासाठी घेतले आहेत. एका डवऱ्याला १० किलो लोखंड आणि वेल्डिंगचा १ तास लागतो. वखराला लोखंड २० किलो लागते, वेल्डिंग मात्र तेवढेच, १ तास. आठवड्याला ४०० किलो लोखंड मिळते आणि वेल्डिंगचे ३० तास हाती असतात. डवरे आठवड्याला २५ पेक्षा जास्त खपत नाहीत. माल आणि मजुरी वजा जाता डवऱ्यामागे ३०० आणि वखरामागे ४०० रुपये सुटतात. शेडचे भाडे यात धरायचे नाही, कारण काहीही बनवले तरी ते तेवढेच राहते.

डवऱ्यांची संख्या क्ष आणि वखरांची य मानली, तर मर्यादा अशा लिहिता येतात :

लोखंड : १०क्ष + २०य ≤ ४००
वेल्डिंग : क्ष + य ≤ ३०
मागणी : क्ष ≤ २५
शिवाय क्ष ≥ ०, य ≥ ०

आणि नफा = ३००क्ष + ४००य.

आता आडव्या अक्षावर डवरे आणि उभ्या अक्षावर वखर घ्यावेत, १ सेंटिमीटरला ५ नग. सगळे लोखंड डवऱ्यांत घातले तर ४० होतात, सगळे वखरांत घातले तर २०. हे दोन बिंदू जोडले की लोखंडाची रेषा मिळते. वेल्डिंगची रेषा दोन्ही अक्षांवरच्या ३० ला जोडते. मागणीची रेषा २५ वर उभी जाते. रेषेची कोणती बाजू आपली, हे पाहायला (०, ०) हा बिंदू घालून बघावा. काहीच न बनवणे कोणतीही मर्यादा मोडत नाही, म्हणून इथे प्रत्येक रेषेची मूळबिंदूकडची बाजू घ्यायची. सगळ्या बाजू जिथे एकमेकींवर येतात तो पाच कोपऱ्यांचा तुकडा म्हणजे शक्य प्रदेश. त्यातला कोणताही बिंदू म्हणजे त्या आठवड्यात खरोखर पार पडू शकणारे काम.

या प्रदेशात असंख्य बिंदू आहेत, पण तपासायचे ते फक्त कोपरे. नफ्याचे समीकरण सरळ असल्याने प्रदेशाच्या आत कुठेही उभे राहा, एखाद्या दिशेने सरकल्यावर नफा एकाच दराने वाढतो, घटतो किंवा आहे तेवढाच राहतो. वाढणारी दिशा धरून सरकत गेले की कडेला येऊन थांबावे लागते, आणि कडेवरून तसेच पुढे गेले की कोपऱ्यावर. सिम्प्लेक्स पद्धतही याच आधारावर कोपऱ्याकडून कोपऱ्याकडे चालते.

(०, ०) वर नफा शून्य.
(२५, ०) वर ७,५०० रुपये.
(२५, ५) वर ९,५०० रुपये.
(२०, १०) वर १०,००० रुपये.
(०, २०) वर ८,००० रुपये.

म्हणजे २० डवरे आणि १० वखर. हे उत्तर नुसत्या अंदाजाने सहसा हाती लागत नाही. वखरामागे जास्त सुटते म्हणून सगळे वखरच बनवले तर लोखंड २० नगांत संपते आणि वेल्डिंगचे १० तास रिकामे जातात. उलट किलोमागे डवरा जास्त देतो म्हणून आधी २५ डवरे उरकले, तर उरलेल्या ५ तासांत ५ वखर होतात आणि ५० किलो लोखंड पडून राहते. (२०, १०) वर लोखंड आणि तास दोन्ही नेमके संपतात.

सर्वांत जास्त चुका कोपरे निवडताना होतात. दोन रेषा जिथे छेदतात तो प्रत्येक बिंदू कोपरा नसतो. मागणी आणि लोखंडाच्या रेषा (२५, ७.५) वर छेदतात आणि तिथे नफा १०,५०० रुपये दिसतो. बिंदू मोहात पाडणारा आहे, पण त्याला ३२.५ तास लागतात. वेल्डिंगची रेषा उभ्या अक्षाला (०, ३०) वर भेटते, तिथे तर नफा १२,००० दिसतो, मात्र लोखंड ६०० किलो हवे. ओळखण्याचा उपाय एकच : बिंदू मिळाला की तो सगळ्या मर्यादांत घालून पाहायचा, ज्यांच्या छेदातून तो निघाला तेवढ्या दोनच मर्यादांत नाही.

गावाकडे वेल्डिंगचे तास मशीनइतकेच लाइटवर अवलंबून असतात. लाइट गेल्यामुळे एखाद्या आठवड्यात २४ तासच मिळाले, तर वेल्डिंगची रेषा आत सरकते आणि लोखंडाच्या रेषेला (८, १६) वर छेदते. तिथे नफा ८,८०० रुपये. नवे कोपरे तपासले तर हाच सर्वांत मोठा आहे, (२४, ०) वर ७,२०० आणि (०, २०) वर ८,००० च येतात. तास कमी झाले की दोन्ही वस्तू थोड्या थोड्या कमी कराव्यात असे वाटते. पण इथे डवरे २० वरून ८ वर येतात आणि वखर १० वरून १६ वर जातात, कारण आता तास दुर्मिळ झाला आणि तासामागे वखर जास्त देतो. मागणीची रेषा या आठवड्यात प्रदेशाला शिवतही नाही.

६ तास गेले आणि १,२०० रुपये घटले, म्हणजे तासाला २००. उलट बाजूनेही हाच दर लागतो : ३१ तास मिळाले तर २२ डवरे आणि ९ वखर होतात, नफा १०,२००. त्यामुळे जनरेटर भाड्याने आणायचा तर तासाला २०० रुपयांच्या आत पडला तरच परवडेल. हा दर ३२.५ तासांपर्यंतच खरा आहे. तिथे डवऱ्यांची मागणी भरते, लोखंड संपलेले असते आणि त्यापुढचा तास काहीच देत नाही. लोखंडाच्या बाबतीत १० किलो वाढले की नफा १०० रुपयांनी वाढतो, म्हणजे नेहमीच्या भावापेक्षा किलोला १० रुपये जास्त देण्यापर्यंत जादा माल घेणे तोट्याचे नाही.

नफ्याचे आकडे थोडेफार हलले म्हणून कोपरा लगेच बदलत नाही. डवऱ्याचे ३०० कायम धरले, तर वखरामागे ३०० ते ६०० च्या दरम्यान काहीही सुटो, (२०, १०) हेच उत्तर राहते. बरोबर ३०० झाले तर (२५, ५) आणि (२०, १०) यांना जोडणाऱ्या कडेवर सगळीकडे ९,००० रुपयेच मिळतात. अशा वेळी ज्याचे गिऱ्हाईक दारात आहे ते आधी बनवावे. हंगाम मात्र मर्यादाच बदलून टाकतो. पाऊस पडून पेरण्या आटोपल्या आणि डवरणी सुरू झाली की डवऱ्यांची मागणी वर सरकते आणि वखराला कमाल मर्यादा येते, म्हणून आलेख नव्याने काढावा लागतो.

उत्तर अपूर्णांकात आले तर काम आठवड्यामागून आठवडे चालत असेल तिथे अडचण नसते, अर्धा वखर पुढच्या सोमवारी पुरा होतो. पण ऑर्डर एकदाचीच असेल तर पूर्ण नगच हवेत, आणि तेव्हा जवळचा पूर्णांक घेणे धोक्याचे असते. वेल्डिंगचे ३२.५ तास मिळाले तर उत्तर (२५, ७.५) येते, पण त्याचे (२५, ८) केले की ४०० च्या जागी ४१० किलो लोखंड लागते. अशा वेळी प्रदेशाच्या आत, कोपऱ्याजवळ पडणारे पूर्ण अंकांचे बिंदू एकेक करून तपासावे लागतात.